चौसष्ट अक्षरांची आज्जी

आमच्या घरात मराठी विषय घेऊन शिकणारी मी एकटीच. त्यामुळे पत्रिका, बारशाचं निमंत्रण, गणपतीची पावती, जे काही लिहायचं असेल ते माझ्याकडे येतं. गेल्या श्रावणात आज्जीची पंच्याहत्तरी आली तेव्हाही असंच झालं. "एक छानसा मेसेज लिही. तोच तिला पाठवू, तोच स्टेटसला ठेवू आणि तोच कार्डावर छापू," असं काका म्हणाले. ऐकायला सोपं वाटलं. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की तिन्हीकडे वाचणारा माणूस वेगळा आहे, आणि मराठीत माणूस बदलला की वाक्य बदलतं.

मूळ मजकूर मी असा लिहिला होता:

"आज्जी, तुला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. पहाटे सडा घालून घर उठवणारी, परीक्षेच्या सकाळी हातावर दही ठेवणारी आणि आम्ही बसमध्ये चढलो की 'पोचल्यावर फोन कर' म्हणणारी तू अशीच राहा. वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा."

घरी सगळ्यांना आवडला. सडा, दही आणि 'पोचल्यावर फोन कर' या तीन गोष्टी म्हणजे आमची आज्जी, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. तेव्हा या तीन गोष्टी धरून ठेवायच्या आणि बाकीचं जागेप्रमाणे बदलायचं असं ठरवलं.

पहिला मेसेज. आज्जी खानापूरला राहते आणि तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप नाही, म्हणजे साधा एसएमएसच पाठवायचा. आणि एसएमएसला अक्षरांची मर्यादा असते. एका एसएमएसमध्ये १४० बाइट एवढीच माहिती मावते. इंग्रजी अक्षरांना जागा कमी लागते, म्हणून ती १६० बसतात. देवनागरी अक्षराला प्रत्येकी दोन बाइट लागतात, म्हणून आपली बसतात ७०. त्यातही 'अक्षर' म्हणजे आपल्याला शाळेत शिकवलेलं अक्षर नव्हे. फोन काना वेगळा मोजतो, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, आणि जोडाक्षरातलं न दिसणारं हलन्तसुद्धा वेगळं मोजतो. 'पंच्याहत्तर' हा शब्द पाहा. डोळ्यांना दिसतात पाच अक्षरं: पं, च्या, ह, त्त, र. फोनच्या हिशेबात ती अकरा होतात: प, अनुस्वार, च, हलन्त, य, काना, ह, त, हलन्त, त, र. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' एवढंच लिहिलं तर मधल्या दोन मोकळ्या जागा धरून २९ झाली. सत्तरातली २९ त्या ठरीव ओळीतच गेली, अजून आज्जीचं नावसुद्धा घेतलेलं नाही.

माझा मूळ मजकूर या हिशेबानं २०५ भरला. मेसेज लांब झाला की फोन त्याचे तुकडे करतो आणि ते तुकडे पुन्हा जोडता यावेत म्हणून प्रत्येक तुकड्यातली थोडी जागा स्वतःसाठी ठेवतो. मग एका तुकड्यात ७० ऐवजी ६७ च मावतात. ६७ त्रिक २०१. माझे २०५, म्हणजे चार अक्षरांसाठी चौथा मेसेज. फोन नवा असेल तर तुकडे जोडून एकसंध दिसतात. काही जुन्या फोनवर मात्र ते सुटे येतात, कधी मागेपुढेही. 'म्हणणारी तू अशीच राहा' हे आधी आणि 'आज्जी, तुला' हे नंतर असं वाचायला मिळालं तर आज्जी घाबरून फोन करेल, की बाई, झालं काय?

रोमन लिपीत मराठी लिहिलं तर १६० मिळतात, असं माझ्या भावानं सुचवलं. पण आज्जी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. ती पेपर रोज वाचते, इंग्रजी अक्षरं मात्र तिला लागत नाहीत. तिच्या वाढदिवसाचा मेसेज शेजारच्या पोराकडून वाचून घ्यायला लावायचा, यात शुभेच्छा कसली? शिवाय त्या रोमन मेसेजमध्ये हौसेनं एखादी इमोजी टाकली की तिच्यासाठी पूर्ण मेसेज ७० च्या हिशेबात जातो. लिपीही गेली आणि जागाही गेली.

तेव्हा कापाकापी सुरू केली. 'पंच्याहत्तर'ऐवजी ७५ लिहिलं, अकराची दोन झाली. 'हार्दिक' गेलं, 'खूप खूप' गेलं. सडाही गेला, कारण सडा घालणारीला सडा कशाला सांगायचा? हे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट झाली. मेसेज म्हणजे बोलणंच असतं. समोरच्याला जे माहीत आहे ते त्यात सांगायचं नसतं, आणि त्याला उत्तर देता येईल असं काहीतरी त्यात असावं लागतं. तयार झाला तो असा:

"आज्जी, ७५ झाली! वाढदिवसाच्या शुभेच्छा. संध्याकाळी येते, दही लाव. तुझी मनू"

मोजला तर ७३. तिघांनी जास्त. वाटलं, उद्गारचिन्ह काढावं, स्वल्पविराम काढावा. मग आईच म्हणाली, "तुझा नंबर तिच्या फोनमध्ये तुझ्या नावानंच आहे की. नाव कशाला परत?" खरंच होतं. 'तुझी मनू' काढलं, आधीची मोकळी जागाही गेली, आणि मेसेज ६४ वर आला. उद्गारचिन्हासकट एका मेसेजमध्ये बसला. आदल्या दिवशी मी तिला नुसतं 'पंच्याहत्तर' एवढा एक शब्द पाठवून पाहिला होता आणि फोनवर विचारलं होतं, नीट दिसतंय काय? काही साध्या फोनवर जोडाक्षरं फुटतात, 'त्त'च्या जागी दोन त आणि खाली हलन्ताचा पाय दिसतो, किंवा नुसते चौकोन येतात. तिच्या फोनवर नीट दिसलं. वाढदिवसाला सकाळी सातला मेसेज गेला, सव्वासातला तिचा फोन आला. "दही लावलंय. किती जण येताय?" मेसेजचं काम झालं होतं.

स्टेटसची गोष्ट अगदीच वेगळी. पहिली अडचण अशी की ज्या व्यक्तीचा वाढदिवस आहे तिच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपच नाही. म्हणजे 'आज्जी, तू अशीच राहा' असं मी स्टेटसवर लिहिलं तर ते कुणाला म्हणाले? वाचणार पुण्याची आत्या, वर्गातल्या मैत्रिणी, आमच्या गल्लीतून नोकरीसाठी बाहेरगावी गेलेली पोरं, दोन प्राध्यापक आणि माझा नंबर सेव्ह करून ठेवलेला आमचा रिक्षावाला. या सगळ्यांच्या समोर आज्जीशी 'तू' म्हणून बोलणं म्हणजे भर बसमध्ये फोनवर मोठ्यानं बोलल्यासारखं. आजूबाजूच्यांना ऐकू येतं, पण त्यांच्यासाठी त्यात काही नसतं. म्हणून स्टेटसमध्ये आज्जी 'तू' न राहता 'ती' झाली आणि 'तुम्ही' झाले वाचणारे.

दुसरं म्हणजे स्टेटस बोटानं पुढे ढकलत वाचतात. आपण जितकं जास्त लिहू तितकं अक्षर लहान होत जातं, आणि काही सेकंदांत पुढच्याचं स्टेटस सुरू होतं. म्हणून पहिल्या ओळीतच सगळं कळायला हवं. फोटोवर लिहायचं असेल तर अगदी वरची आणि अगदी खालची पट्टी मोकळी सोडावी, कारण वर आपलं नाव येतं आणि खाली उत्तराची जागा, आणि नेमके तिथले शब्द झाकले जातात. मी आज्जीचा अंगणातला फोटो घेतला होता. तो ठेवायच्या आधी तिला दाखवला. तिनं बघितलं आणि म्हणाली, "पदर नीट नाही, दुसरा घे." दुसरा घेतला. तिला दिसणार नसलेल्या जागी तिचा फोटो जाणार होता, तेव्हा तिला विचारणं गरजेचंच होतं.

मजकूर असा केला:

"आज आमच्या आज्जीला पंच्याहत्तर पूर्ण! परीक्षेच्या सकाळी तिच्या हातचं दही खाऊन गेलेले इथं कोण कोण आहेत?"

इथं ७५ आकड्यात न लिहिता अक्षरात लिहिलं, कारण जागा होती आणि 'पंच्याहत्तर' वाचताना जरा थांबायला होतं. सडा आणि 'फोन कर' इथंही गेलं. दही ठेवलं, कारण गल्लीतल्या निम्म्या पोरांनी ते खाल्लेलं होतं. नुसतं 'आमची आज्जी फार प्रेमळ आहे' असं लिहिलं असतं तर लोकांनी हात जोडल्याची एक खूण पाठवली असती आणि पुढे गेले असते. प्रश्न विचारल्यावर चौदा जणांनी उत्तर लिहिलं. कुणी लिहिलं की दहावीच्या गणिताला दही खाल्लं होतं तरी पस्तीसच पडले, तिला सांगू नकोस. कुणी विचारलं, अजून साखर तेवढीच घालते काय? ही उत्तरं मात्र माझ्याकडे येतात, एकट्या माझ्याकडे. आज्जीला ती पोचवायची तर मलाच वाचून दाखवावी लागणार. आणि चोवीस तासांत स्टेटस जातं. म्हणून ती चौदा उत्तरं वहीत उतरवून घेतली आणि संध्याकाळी तिला वाचून दाखवली. पस्तीस मार्कांचंही दाखवलं. ती म्हणाली, "पोट तर भरलं होतं ना त्याचं?"

तारीख आणि पूर्ण नाव मी स्टेटसमध्ये घातलं नाही. नाव आणि जन्मतारीख या दोन गोष्टी बँकेत ओळख पटवायला विचारतात. आपल्या नंबरांच्या यादीत कोण कोण आहे हे आपल्यालाही नीट आठवत नसतं. खरं तर आमच्या आज्जीच्या बाबतीत तारीख घातली असती तरी चोराला काही मिळालं नसतं, ते पुढे येतंच.

आता कार्ड. वाचलं जातं सगळ्यात शेवटी, पण लिहावं लागतं सगळ्यात आधी, कारण छापखान्याला दिवस लागतात. आम्हाला बाराच प्रती हव्या होत्या, म्हणून डिजिटल छपाई केली. ऑफसेटला आधी प्लेट करावी लागते, तो खर्च शेकड्यांनी प्रती असतील तरच परवडतो.

मेसेज दोन मिनिटांत वाचून होतो, स्टेटस चोवीस तासांत जातं, कार्ड मात्र कपाटात राहतं. म्हणून कार्डावर 'आज' चालत नाही. दहा वर्षांनी उघडलं तर 'आज' म्हणजे कधी? तिथं तारीख लागते. आणि आज्जीची तारीख कुठली, हाच आमच्याकडे प्रश्न. तिच्या आधार कार्डावर १ जून आहे. तिच्या वयाच्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जूनच असते. शाळेत नाव घालायला गेल्यावर घरच्यांना तारीख सांगता आली नाही, की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या हिशेबानं तीच लिहून टाकत. तिच्या बँकेचा शुभेच्छांचा मेसेज दरवर्षी १ जूनला येतो आणि ती दरवर्षी म्हणते, "ह्यांना कुणी सांगितलं?" तिच्या आईनं तिला सांगितलेलं एवढंच, की तू नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झालीस. म्हणजे श्रावण शुद्ध षष्ठी. आम्ही वाढदिवस त्याच दिवशी करतो. मेसेजला तारखेची गरज नव्हती, स्टेटसला ती आपोआप होती, कार्डावर मात्र छापून ठेवायची होती. आम्ही तिथी वर घेतली आणि त्या वर्षीची इंग्रजी तारीख खाली. जून कुठेच नाही.

मग नावाचा प्रश्न आला. मेसेजमध्ये ती आज्जी होती, स्टेटसमध्ये आमची आज्जी. पण कार्ड बारा घरांत जाणार, त्यातल्या निम्म्या घरांत ती आज्जी नाही, कुणाची आई आहे, कुणाची सासू, कुणाची वहिनी. तिथं नाव हवं. काकांनी कागदावर नावाच्या आधी 'गं. भा.' लिहून दिलं होतं. आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली, लग्नपत्रिकांत तिचं नाव तसंच छापतात. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, रीत म्हणून लिहिलं होतं. मला ते वाढदिवसाच्या कार्डावर पहिलाच शब्द म्हणून नको होतं. मी 'श्रीमती' सुचवलं. काका म्हणाले, त्याचाही अर्थ लोक तोच घेतात. वाद दोन दिवस चालला. शेवटी आई म्हणाली, "ज्यांचं नाव आहे त्यांना विचारा की."

आज्जीला कागद दाखवला. तिनं चष्मा लावून वाचला आणि बोट ठेवून म्हणाली, "पुढचं हे काढा. माझं नाव, मधे ह्यांचं असू दे, मग आडनाव. एवढंच." पुढे म्हणाली, "नाव छापून येतंय ते माझ्या वाढदिवसाला येतंय. त्यात कोण गेलं ते कशाला?" काकांनी स्वतःच पेन घेऊन 'गं. भा.' खोडलं.

आता 'तू' आणि 'तुम्ही'. आम्ही नातवंडं आज्जीला तू म्हणतो, काका आणि बाबाही तिला तू म्हणतात, आई आणि काकू तुम्ही म्हणतात. कार्ड सगळ्यांच्या वतीनं. 'तू अशीच राहा' म्हणावं तर ते आईच्या तोंडी बसत नाही, 'तुम्ही असेच राहा' म्हणावं तर आज्जी हसेल. आणि 'यांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली' म्हणावं तर ती घरातली न राहता सभेच्या अध्यक्षा होते. शेवटी सर्वनामच काढून टाकलं. वाक्यात 'तू'ही नाही, 'तुम्ही'ही नाही आणि 'त्या'ही नाही. नुसत्या गोष्टी ठेवल्या. वर तिचं नाव आणि त्याखाली:

"वयाची पंच्याहत्तर वर्षे पूर्ण
श्रावण शुद्ध षष्ठी, शके १९४७
३० जुलै २०२५

पहाटेचा सडा, परीक्षेच्या सकाळचं दही आणि दारातून येणारी 'पोचल्यावर फोन कर' ही हाक. या तिन्हींवर हे घर मोठं झालं.

वाढदिवसाच्या शुभेच्छा.
घरातले सगळे, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत"

मेसेजमधून आणि स्टेटसमधून गेलेला सडा इथं परत आला. कारण हे कार्ड पुढे असं कुणीतरी उघडेल ज्यानं आज्जीला सडा घालताना पाहिलेलं नसेल. त्याला सांगावं लागेल. कार्डाचं माप पाच बाय सात इंच, मधे घडी. उजव्या पानावर हा मजकूर, अठरा पॉइंटात, कारण आज्जीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे आणि ते तिला चष्मा शोधल्याशिवाय वाचता यावं. डावं पान कोरं ठेवलं. ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहावं, आपल्या 'तू'नं किंवा 'तुम्ही'नं.

छापखान्याबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मी मजकूर फोनवरून पाठवला, म्हणजे युनिकोडमध्ये. अनेक छापखान्यांत अजून जुने फॉन्ट चालतात, त्यांत आपली अक्षरं वेगळ्या खुणांनी साठवलेली असतात. आपला मजकूर तिथं चिकटवला की भलतंच काहीतरी उमटतं. म्हणून तिथला माणूस तो नव्यानं टाइप करतो, आणि नव्यानं टाइप केलं की चुकाही नव्या. आमच्या पहिल्या प्रुफात 'थोरल्यापासून' बरोबर होतं, पण 'शुभेच्छा'चं 'शुभेछ्छा' झालं होतं आणि 'पंच्याहत्तर'चं 'पंच्याहतर'. पडद्यावर हे दिसत नाही, कारण आपण शब्द ओळखतो आणि पुढे जातो. कागदावर प्रूफ मागून घ्यावं आणि शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे, एकेक शब्द बोट ठेवून वाचावं. अर्थ लागत नाही, म्हणून अक्षरं दिसतात. 'ऱ्या' असलेला शब्द असेल तर तो खास बघावा, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' हमखास होतं. आणि कडेला कापताना कागद मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतो, म्हणून रंग कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर सोडतात आणि अक्षरं कडेपासून चांगली आत ठेवतात. घडीवर तर नाव येऊच देऊ नये. तिथं शाई आधी उडते.

कार्ड आज्जीच्या कपाटात आहे, डाव्या पानावर अकरा जणांच्या हातचं लिहिलेलं. त्यात काकांनीही लिहिलंय. स्टेटस दुसऱ्या दिवशी गेलं. मेसेज तिनं पुसलेला नाही. पुढच्या वर्षी कार्ड आणि स्टेटस नव्यानं लिहावं लागेल. मेसेजमध्ये मात्र ७५ च्या जागी ७६ घातलं की झालं, चौसष्टच भरतो.